छोट्या मराठी पॉडकास्टला पैसे कुठून आणि किती मिळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं लहान पॉडकास्टसाठी आहेत. लहान म्हणजे एकदोन माणसं घरी रेकॉर्डिंग करतात, आठवड्याला एक भाग येतो आणि एका भागाला काहीशे डाउनलोड मिळतात. हिशोब हवेत राहू नये म्हणून सगळीकडे एकच कल्पित उदाहरण घेतलं आहे. कोल्हापुरातून चालणारा, गच्चीवरच्या बागेविषयीचा मराठी ऑडिओ पॉडकास्ट. वय दीड वर्ष, महिन्याला चार भाग, आणि प्रत्येक भागाला पहिल्या 30 दिवसांत साधारण 700 डाउनलोड. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण हिशोबाची रीत तीच राहते. तुमचे आकडे घालून बघा.

आधी आकडा सांगा. वर्षाला किती मिळतील?

आपल्या उदाहरणातल्या पॉडकास्टला सगळं जुळून आलं तर वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास. अर्धंमुर्धं जुळलं तर चौदा-पंधरा हजार. हे पैसे पहिल्या वर्षात येत नाहीत, कारण पहिलं वर्ष श्रोते जमवण्यात जातं.

चाळीस हजारांची फोड अशी: प्रायोजकाकडून 18,000, भारतातल्या श्रोत्यांकडून सुमारे 11,700 आणि परदेशातल्या पाच श्रोत्यांकडून दहा हजारांच्या आसपास. हे आकडे कुठून आले ते पुढच्या उत्तरांत आहे.

आता वेळेकडे बघा. विषय काढणं, रेकॉर्डिंग, संपादन, वर्णन लिहिणं, प्रसिद्धी हे सगळं धरून एका भागाला सात तास लागतात असं समजू. वर्षाचे 48 भाग म्हणजे 336 तास. चाळीस हजारांना भागलं तर तासाला 119 रुपये पडतात, आणि यातून खर्च अजून वजा झालेला नाही. संपादन बाहेर दिलं आणि भागाला 800 रुपये मोजले, तर 38,400 रुपये तिथेच गेले. म्हणून या टप्प्यावर नोकरी सोडण्याचा विचार करू नये, असं मी स्पष्टच सांगते. पॉडकास्टने स्वतःचा खर्च भागवावा आणि वर्षाकाठी थोडे पैसे हातात राहावेत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

हजार डाउनलोडमागे अमुक दर मिळतो असं ऐकतो. मग आम्हालाही मिळेल ना?

जाहिरातीच्या धंद्यात दर हजारावर ठरतो. अमेरिकेत निवेदकाने स्वतःच्या आवाजात वाचलेल्या जाहिरातीला हजार डाउनलोडमागे 18 ते 25 डॉलर हा दर बरीच वर्षं सांगितला जातो. आपल्याकडे नवखे लोक तोच आकडा धरून हिशोब मांडतात आणि तिथेच फसतात. तो दर तिथल्या बाजारातला आहे. शिवाय तो त्या पॉडकास्टना मिळतो ज्यांच्या एका भागाला निदान काही हजार डाउनलोड असतात, कारण त्याखाली जाहिरात कंपन्या बोलणीच करत नाहीत.

आपोआप घातल्या जाणाऱ्या जाहिरातींचा भारतातला दर यापेक्षा फार कमी असतो. हिशोबासाठी हजारामागे 200 रुपये धरू. महिन्याचे चार भाग म्हणजे 2,800 डाउनलोड. प्रत्येक भागात दोन जाहिराती वाजल्या तर 5,600 वेळा वाजल्या. म्हणजे महिन्याला 1,120 रुपये, तेही प्रत्येक वेळी जाहिरात मिळाली तर. प्रत्यक्षात बऱ्याचदा मराठी श्रोत्यासाठी जाहिरातच नसते आणि ती जागा रिकामी जाते. हजार रुपयांसाठी आपल्या भागात मधेच हिंदीत ओरडणारी, आपल्या विषयाशी संबंध नसलेली जाहिरात वाजू द्यायची का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मी वाजू देणार नाही.

लहान पॉडकास्टचा मार्ग वेगळा आहे. ज्याचा ग्राहक आणि तुमचा श्रोता एकच आहे असा एक प्रायोजक शोधायचा आणि त्याच्याशी हंगामाची ठोक रक्कम ठरवायची.

माझे डाउनलोड नेमके किती, हे कसं सांगायचं? प्रत्येक ठिकाणी वेगळाच आकडा दिसतो.

डाउनलोड मोजण्याचे नियम आयएबी टेक लॅब ही संस्था ठरवते. त्यांच्या पद्धतीनुसार निदान एक मिनिट भरेल एवढा ऑडिओ उतरला तरच ते डाउनलोड धरतात, आणि एकाच ठिकाणाहून एकाच अ‍ॅपने 24 तासांत तोच भाग पुन्हा मागितला तर तो एकदाच मोजतात. तुमची होस्टिंग कंपनी हा नियम पाळते का ते तिच्या मदतीच्या पानावर बघून घ्या. स्पॉटिफायवरचे प्ले आणि यूट्यूबवरचे व्ह्यूज वेगळ्या रीतीने मोजले जातात, त्यामुळे त्यांची डाउनलोडमध्ये बेरीज करू नका. तिन्ही आकडे वेगवेगळ्या ओळींत दाखवा.

प्रायोजकाला दाखवायचा आकडा एकच: मागच्या सहा-आठ भागांना पहिल्या 30 दिवसांत सरासरी किती डाउनलोड मिळाले. 'आजवर 50 हजार डाउनलोड' हे वाक्य ऐकायला भारी वाटतं, पण पुढच्या महिन्यात त्याची जाहिरात किती जण ऐकतील हे त्यातून दुकानदाराला कळत नाही.

एक गोष्ट मात्र नीट बघा. शहरांच्या यादीत अमेरिकेतलं अ‍ॅशबर्न हे गाव वर दिसलं की अनेकांना वाटतं, तिकडची मराठी मंडळी ऐकतायत. व्हर्जिनिया राज्यातल्या अ‍ॅशबर्नच्या परिसरात मोठमोठी डेटा सेंटर आहेत. तिथून येणारे बरेच डाउनलोड माणसांचे नसून सर्व्हरचे असतात. एखाद्या शहरातून सगळ्या जुन्या भागांना एकाच दिवशी सारखेच डाउनलोड आले, तर ते वजा करूनच आकडा सांगा.

आणि 2023 च्या सप्टेंबरनंतर आकडे एकदम उतरले असतील तर श्रोते पळाले असं लगेच समजू नका. आयओएस 17 पासून अ‍ॅपलच्या पॉडकास्ट अ‍ॅपने न ऐकणाऱ्यांसाठी भाग आपोआप उतरवणं कमी केलं. ऐकणारे तेवढेच राहिले, फुगलेला आकडा खाली आला.

मग प्रायोजकाला किती रुपये मागायचे?

तुम्हाला किती हवेत इथून सुरुवात करू नका. प्रायोजकाच्या गल्ल्यातून सुरुवात करा.

समजा, एक नर्सरी घरपोच संच पाठवते. दोन ग्रो बॅग, कोकोपीटची वीट, दोन किलो गांडूळखत आणि बियांची चार पाकिटं. किंमत 950 रुपये. माल, पॅकिंग, कुरिअर सगळं जाऊन नर्सरीवाल्याच्या हातात 350 रुपये राहतात. हा आकडा त्याला थेट विचारा. मालक सहसा सांगतो, कारण तुम्ही त्याच्या फायद्याचा हिशोब करताय हे त्याला कळतं.

आता आपली बाजू. महिन्याचे 2,800 डाउनलोड म्हणजे 2,800 माणसं नव्हेत. तेच लोक चारही भाग ऐकतात. वेगवेगळी माणसं 900 धरू. त्यातल्या शंभरात एकाने महिनाभरात संच मागवला, तर नऊ संच. नऊ गुणिले 350 म्हणजे 3,150 रुपये.

म्हणजे महिन्याला 3,000 रुपये मागितले, तर नर्सरीचे पैसे पहिल्याच महिन्यात सुटतात. त्यापुढे संच घेतलेला माणूस दोन महिन्यांनी खत मागवतो, पुढच्या हंगामात बी मागवतो, तो सगळा त्याचा नफा. त्याला पटवून द्यायचं ते हेच. 8,000 मागितले असते तर त्याला तेवीस संच विकावे लागले असते. तेवढे जाणार नाहीत. त्याने एक महिना पैसे दिले असते आणि पुन्हा फोन उचलला नसता.

3,000 रुपयांचा दर हजार डाउनलोडवर मांडला तर तो 1,071 पडतो. आपोआप जाहिरातीच्या गृहीत धरलेल्या दराच्या पाचपटीहून जास्त. लहान असूनही हा दर मिळू शकतो तो फक्त एकाच कारणाने: ऐकणारा प्रत्येक जण कुंडीत हात घालणारा आहे. हाच पॉडकास्ट 'गप्पा आणि बरंच काही' अशा स्वरूपाचा असता, तर 700 डाउनलोडवर नर्सरीने काही दिलं नसतं.

एका महिन्याचा करार करू नका. श्रोता पहिल्यांदा नाव ऐकतो, तिसऱ्या-चौथ्यांदा ते त्याच्या लक्षात राहतं आणि मग तो फोन करतो. तीन महिन्यांचे 9,000 ठरवा, निम्मे आधी घ्या. बागेच्या विषयात असे दोन हंगाम मिळतात: पावसाळ्याच्या तोंडावर मे ते जुलै, आणि हिवाळी भाज्यांसाठी सप्टेंबर ते नोव्हेंबर. दोन्ही मिळाले तर 18,000. मार्च-एप्रिलच्या उन्हात कुणी नवी बाग लावत नाही, तेव्हा त्या महिन्यांचं उत्पन्न शून्य धरा.

असा प्रायोजक शोधायचा कुठे?

मोठ्या कंपन्यांच्या मार्केटिंग विभागांना मेल पाठवत बसू नका, 700 डाउनलोडवर उत्तर येत नाही. दिवाळी अंकांना जाहिराती कोण देतं ते आठवा. गावातली पेढी, मसालेवाले, शहरातला प्रकाशक, वैद्य, साडीचं दुकान. मराठी वाचकाने आपल्याला ओळखावं असं वाटणारी ही माणसं आहेत, आणि अंकाचा खप मोजून नव्हे, तर वाचक ओळखून ते जाहिरात देत आले आहेत. तुमचा प्रायोजक याच जातकुळीतला असणार, फक्त त्याच्याकडे एक गोष्ट जास्त हवी: माल कुरिअरने पाठवण्याची किंवा सेवा ऑनलाइन देण्याची सोय. कोल्हापुरातल्या पॉडकास्टचे निम्मे श्रोते पुण्या-ठाण्यात असतात. ज्या नर्सरीत प्रत्यक्ष जाऊनच रोपं घ्यावी लागतात, तिला ठाण्यातला श्रोता काय कामाचा?

सगळ्यात चांगली यादी तुमच्या श्रोत्यांकडे आहे. एका भागात विचारा, 'तुम्ही माती आणि बी कुठून मागवता?' जी दोन-तीन नावं पुन्हा पुन्हा येतील, तिथे आधी जा.

पहिला निरोप काय पाठवू?

छोटा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. चौदा पानांची पीडीएफ दुकानदार उघडत नाही. साधारण असा:

> नमस्कार दादा. मी कोल्हापूरहून गच्चीवरच्या बागेवर मराठी पॉडकास्ट करते. दीड वर्ष झालं, दर गुरुवारी भाग येतो. एका भागाला महिन्याभरात सरासरी 700 डाउनलोड होतात. ऐकणारे जास्त करून पुणे, ठाणे आणि कोल्हापूरचे, सगळे घरी भाजी लावणारे. माती कुठून घेता असं विचारल्यावर सहा जणांनी तुमचं नाव सांगितलं. त्यांचे मेसेज सोबत पाठवते. मे ते जुलै या बारा भागांत तुमच्या संचाची माहिती मी स्वतः वापरून सांगेन. किती ऑर्डर आल्या ते दोघांनाही दिसेल अशी सोय करू. वेळ असेल तेव्हा दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का?

रक्कम पहिल्या निरोपात लिहू नका. संचामागे हातात किती राहतात ते फोनवर कळल्यावरच ती ठरते.

जाहिरात कशी वाचायची? आणि ती जाहिरात आहे हे सांगावंच लागतं का?

सांगावंच लागतं. भारतीय जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे एएससीआयची, यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं 2021 च्या जूनपासून लागू आहेत. ऑडिओसाठी त्यात म्हटलं आहे की ही घोषणा भागाच्या सुरुवातीला, शेवटी आणि मधल्या प्रत्येक ब्रेकच्या आधी व नंतर ऐकू आली पाहिजे. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी शिफारस करणाऱ्यालाही दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, ती जाहिरात होती हे श्रोत्याला नंतर कळलं, तर तो तुमचं पुढचं काहीही ऐकून घेत नाही.

वाचन पाऊण मिनिटाचं पुरे. उदाहरणार्थ:

> हा भाग प्रायोजित आहे. या नर्सरीचा पावसाळी संच मी जूनमध्ये लावला. मेथी पाचव्या दिवशी वर आली, गवारीला आता शेंगा धरल्यात. भेंडीचं बी मात्र माझ्याकडे अर्धंच उगवलं. मी त्यांना कळवलं, त्यांनी दुसरं पाकीट पाठवलं. संच 950 रुपयांना घरपोच मिळतो. व्हॉट्सअ‍ॅप नंबर भागाच्या वर्णनात आहे. मागवताना BAAG हा कोड सांगा, एक बियांचं पाकीट जास्त मिळेल. जाहिरात इथे संपली.

भेंडीचं वाक्य प्रायोजक काढायला सांगेल. काढू नका. त्या एका वाक्यामुळे बाकीची सगळी वाक्यं खरी वाटतात, आणि तक्रार आली तर दुकान काय करतं हेही श्रोत्याला कळतं. हे करारातच लिहून घ्या: माहिती तपासायला प्रायोजक, शब्द आणि अनुभव तुमचे.

कोडबद्दल एक अडचण आधीच सांगून ठेवा. बरेच लोक कोड सांगायला विसरतात, थेट फोन करतात आणि तुमच्या नावावर ऑर्डर लागत नाही. म्हणून नर्सरीने प्रत्येक नव्या ग्राहकाला 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' हा प्रश्न विचारायचा, असं ठरवा. या एका प्रश्नाने तुमचा पुढचा करार वाचू शकतो.

पैसे नाहीत, माल देतो म्हणतात. घ्यावा का?

पहिल्यांदा, एका भागापुरता, तुम्हाला लागणारीच वस्तू असेल तर घ्या. ती वापरून बघितल्याशिवाय जाहिरात वाचता येणार नाही, त्यामुळे तेवढं योग्यच आहे. पण तीन महिन्यांच्या जाहिरातीच्या बदल्यात माल घेऊ नका. होस्टिंगचं बिल खताच्या पिशवीने भरता येत नाही. मालाच्या बदल्यातली जाहिरातही जाहिरातच असते, त्यामुळे ती प्रायोजित आहे हे सांगायचंच.

कुणाला नाही म्हणावं?

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमना तर म्हणायलाच हवं. 2025 च्या ऑगस्टमध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्याने त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आहे. शेअर बाजाराच्या टिपा, जादा व्याजाच्या ठेवी, हमखास बरं करणारं औषध, यांनाही नाही म्हणा. ठेव बुडालेला श्रोता तुमच्या आवाजावर विश्वास ठेवून गेलेला असतो, आणि लहान पॉडकास्टकडे त्या आवाजाखेरीज विकायला दुसरं काही नाही.

श्रोते खरंच पैसे देतात का? किती जण?

देतात, पण थोडे. नियमित ऐकणाऱ्यांपैकी शंभरात एक ते दोन, एवढंच धरून चाला. 900 माणसांत नऊ ते अठरा. मी हिशोबाला बारा धरते.

मात्र मागावं लागतं, आणि नेमकं मागावं लागतं. 'आम्हाला सपोर्ट करा' असं म्हटल्यावर कुणी हलत नाही. 'या पॉडकास्टचा वर्षाचा खर्च 12 हजार आहे. आतापर्यंत सात जणांनी मिळून 7 हजार दिले. अजून पाच जणांनी हजार-हजार दिले की संपादनाचं काम बाहेर न देता वर्ष निघतं' असं सांगितलं की ऐकणाऱ्याला आपली जागा दिसते. वर्षातून दोनदा, दोन-तीन भाग सलग मागा आणि मग गप्प बसा. दर भागाला मागितलं की लोक ते मिनिट पुढे ढकलायला शिकतात.

दरमहा 100 घ्यावेत की वर्षाला 1,000?

बारा-पंधरा देणारे असतील तर वर्षाला एकदाच घ्या. दरमहा पैसे आपोआप वळते होण्यासाठी यूपीआय ऑटोपे आहे, 2020 पासून. पण प्रत्येक वेळी पैसे कापण्याआधी देणाऱ्याला सूचना जाते, आणि दर महिन्याला 'हे अजून हवंय का?' असा विचार त्याच्या मनात येतो. कधी खात्यात शिल्लक नसते, कधी फोन बदललेला असतो. दर महिन्याला दोन जण गळतात आणि तुम्हाला त्यांना आठवण करून द्यावी लागते. शंभर रुपयांसाठी ओळखीच्या श्रोत्याला आठवण करून देणं दोघांनाही नकोसं होतं.

घ्यायचे कसे, तर दोन वाटा आहेत. आपला यूपीआय क्यूआर दिला तर पैसे पूर्ण मिळतात, पण देणाऱ्याचं फक्त नाव दिसतं. त्याचा ईमेल मिळत नाही, त्यामुळे त्याला काही पाठवता येत नाही. आणि यूपीआय आयडीत तुमचा मोबाईल नंबर असेल तर तो जगजाहीर होतो, म्हणून नंबर नसलेला वेगळा आयडी आणि शक्यतो वेगळं बँक खातं ठेवा. दुसरी वाट पेमेंट गेटवेच्या पानाची. साधारण दोन टक्के शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे हजारातले 23 रुपये 60 पैसे जातात. बारा जणांचे मिळून सुमारे 11,700 हातात येतात, आणि प्रत्येकाचा ईमेल मिळतो. मी दुसरी वाट सुचवते.

अमेरिकेतल्या, दुबईतल्या श्रोत्यांचं काय?

मराठी पॉडकास्टसाठी हा भाग मोठा आहे. तिकडे गाडी चालवताना मराठी ऐकणारी माणसं संख्येने थोडी असतात, पण देताना हात आखडता घेत नाहीत. पाच जणांनी वर्षाला 30 डॉलर दिले तर 150 डॉलर झाले. पेट्रिऑनसारख्या, श्रोत्यांकडून वर्गणी गोळा करून देणाऱ्या परदेशी संकेतस्थळावर 2025 च्या ऑगस्टपासून नव्या निर्मात्यांना दहा टक्के शुल्क आहे, त्यावर पेमेंटचं आणि चलन बदलण्याचं वेगळं. 120 डॉलर पोचले असं धरा, दहा हजार रुपयांच्या आसपास. पैसे दरमहा काढू नका. प्रत्येक वेळी काढण्याचं शुल्क जातं, तेव्हा तीन-चार महिन्यांनी एकदम काढा.

पण हेच संकेतस्थळ भारतातल्या श्रोत्यांना दाखवून भागत नाही. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून ठराविक काळाने आपोआप होणाऱ्या पेमेंटसाठी वेगळी मंजुरी लागते, आणि परदेशी संकेतस्थळांवर अनेक भारतीय कार्डं त्यामुळे अडकतात. श्रोता दोनदा प्रयत्न करतो आणि सोडून देतो. म्हणून भारतासाठी यूपीआय आणि बाहेरच्यांसाठी वेगळी लिंक, अशा दोन्ही वर्णनात ठेवा.

बातम्या आणि चालू घडामोडींवर पॉडकास्ट करणाऱ्यांनी इथे थांबून सीएला विचारावं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात, म्हणजे एफसीआरएमध्ये, बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम तयार करणाऱ्या संस्था-कंपन्यांवर बंधनं आहेत, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेला आपला माणूसही कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत ठरतो. बागेच्या पॉडकास्टनेही 'देणगी' हा शब्द टाळावा. सभासदत्व द्यावं, त्याबदल्यात काहीतरी द्यावं आणि त्याची पावती करावी.

सभासदांना बदल्यात काय द्यायचं?

जे आधीच तयार आहे ते. दर आठवड्याला जादा भाग देण्याचं वचन दिलंत तर बारा माणसांसाठी तुमचं काम दुप्पट होतं आणि तिसऱ्या महिन्यात ते मोडतं. बागेच्या पॉडकास्टला सोपं आहे: कोणत्या महिन्यात काय पेरायचं त्याचं एक पानी वेळापत्रक, आणि महिन्यातून एकदा तासभर ऑनलाइन भेट, जिथे सभासद आपल्या रोपाचा फोटो दाखवून विचारतात. त्या भेटीतून दोन भागांचे विषयही मिळतात. सभासदांची नावं भागात घ्यायची असतील तर आधी विचारा. काहींना ते आवडत नाही.

यूट्यूबवर टाकलं तर जास्त मिळेल का?

मराठीत गाजलेले बहुतेक पॉडकास्ट व्हिडिओ मुलाखतींचे आहेत आणि यूट्यूबवर चालतात, हे खरं. तिथे जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहिलं जाणं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. पैसे देऊन घ्यायचं सभासदत्व सुरू करायला 500 सबस्क्रायबर आणि 3,000 तासांपासून दार उघडतं, पण त्यातले 30 टक्के यूट्यूब ठेवतं. मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरातीतले 55 टक्के तुम्हाला मिळतात.

मात्र कॅमेरा आला की दिवे, जागा, पाहुण्याचा प्रवास आणि दुप्पट संपादन आलं. आपल्या उदाहरणातल्या पॉडकास्टने एका चित्रावर ऑडिओ चढवून टाकावा, तेवढाच नवा श्रोता मिळतो. त्या पैशांवर हिशोब मात्र मांडू नये.

कर आणि जीएसटी?

प्रायोजकाचे आणि श्रोत्यांचे, दोन्ही पैसे तुमचं उत्पन्न आहे. विवरणपत्रात दाखवा आणि त्यासमोर होस्टिंग, माइक, इंटरनेट यांची बिलं जपून ठेवा. जीएसटी नोंदणी सेवांसाठी साधारणपणे वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की लागते, तेव्हा छोट्या पॉडकास्टने बिलात जीएसटी लावायचा नाही. प्रायोजकाने टीडीएस कापला तर घाबरू नका, पॅन द्या. तो तुमच्या नावावर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

पहिला हंगाम संपला आणि प्रायोजक पुढचा करार करत नाही. आता?

आधी आकडे मागा. तीन महिन्यांत पंचवीस-तीस ऑर्डर आल्या असतील आणि तरी तो थांबत असेल, तर अडचण त्याच्या बाजूची आहे: माल संपला, माणूस कमी पडला, पैसे अडकले. हंगाम सोडा, पुढच्या वेळी पुन्हा फोन करा. ते आकडे घेऊन मात्र दुसऱ्या व्यावसायिकाकडे लगेच जा. 'बारा भागांत अठ्ठावीस संच गेले' या वाक्यापुढे 700 डाउनलोड किती लहान आहेत हे कुणी विचारत नाही.

आठ-दहाच ऑर्डर आल्या असतील, तर त्याचं थांबणं बरोबर आहे. कुठे अडलं ते तीन जागी बघा. वस्तू महाग होती का, म्हणजे 950 ऐवजी 300 रुपयांची बियांची पेटी चालली असती का? नंबर शोधायला त्रास होत होता का? की जाहिरात भागाच्या अगदी शेवटी होती, जिथे पोचेपर्यंत निम्मे श्रोते निघून गेलेले असतात? शेवटचं स्पॉटिफायच्या डॅशबोर्डवर तपासता येतं. त्यात कोणत्या मिनिटाला किती जण उरतात त्याचा आलेख असतो. जाहिरात त्या आलेखाच्या उताराआधी, पहिल्या मुद्द्यानंतर लगेच ठेवा, आणि त्याच प्रायोजकाला दोन भाग फुकट देऊन पुन्हा मोजा.